अक्षता आणि निळी वायर

ये, जवळ सरक. फोनवर नुसतं "बरी हाय" म्हणून ठेवून देतेस, ही रीत झाली का? आता मुकाट ऐक.

आमच्या सूनबाईची अकरा वाजता मुलाखत होती, माडीवरच्या कॉम्प्युटरवर. दोन वर्षं घरी बसलेली पोरगी, जिवाला नुसती धाकधूक. राऊटर खाली देवघराशेजारी, तिथून निळी वायर अंगणावरून माडीवर गेलेली. त्या दिवशी वायर घातली, तरी राऊटरवरचा त्या भोकाजवळचा हिरवा दिवा काही लागेना. फोनवरचं नेट तर आमच्याकडं चालतच न्हाई.

कामशेतहून केबलवाला आला. त्यानं पिशवीतली आपली चांगली वायर त्याच भोकात घालून स्वतःच्या लॅपटॉपला जोडली. दिवा नाही.

"हे भोकच, म्हंजे पोर्ट, गेलाय," तो म्हणाला.

मग आमची वायर दुसऱ्या पोर्टात घातली. तरी अंधारच.

"म्हंजे वायर गेली," आमचे हे म्हणाले.

"आबा, दोन्ही एकदम कसं जाईल?" केबलवाला म्हणाला.

"का? आमच्या घरात समदं जोडीनंच जातं."

शेवटी त्यानं आपली वायर दुसऱ्या पोर्टात घातली, आणि दिवा लागला! दोन्ही गेलं होतं. हे असे मिशीत हसले, की जणू राऊटर ह्यांनीच बनवला.

आमच्या वायरला टेस्टर लावला तर आतल्या आठ तारांपैकी दोन तारांचे दिवे गप्प. टोकाच्या प्लास्टिकच्या क्लिपमधून त्या ओढल्या गेलेल्या.

"मावशी, हिच्यावर काय वाळत घातलंत?"

मी देवाकडं बघितलं. सूनबाईनं माझ्याकडं.

"एकच गोधडी," मी म्हटलं. "ओली."

मग त्यानं पहिल्या पोर्टात बॅटरी मारली. आत पिवळाधमक तांदूळ! दसऱ्याला मी विळा, मिक्सर, शिलाई मशीन पुजलं, तसा वायर काढून राऊटरही पुजला होता. अक्षता जरा सढळ हातानं पडल्या. राऊटर बंद करून त्यानं चिमट्यानं दाणा काढला, पण वायर दामटताना आतल्या पिना वाकल्या होत्या. तो पोर्ट कायमचा गेला.

अकराला दहा कमी. त्यानं वायरचं टोक कापलं, आठ तारा रंगांच्या क्रमानं लावल्या, नवी क्लिप दाबून बसवली. टेस्टरचे आठही दिवे लागले. दुसऱ्या पोर्टात घातली, तसा हिरवा दिवा लुकलुकला. सूनबाई दोन-दोन पायऱ्या चढत पळाली. मी जिन्याखाली कान देऊन उभी.

मुलाखतीत तिला विचारलं म्हणे, अडचण आली तर काय करता? तिनं गोधडी, अक्षता, सगळं सांगितलं. समोरची माणसं डोळे पुसेपर्यंत हसली. आणि घेतलं की गं तिला!

आता त्या मेलेल्या पोर्टावर चिकटपट्टी आहे. पुढच्या दसऱ्याला राऊटरला लांबूनच नमस्कार. गोधडीसाठी दोरी बांधलीय, पण ह्यांनी बांधलीय, सारखी सुटते. आता आलीच आहेस, तर चल, दोघी मिळून नीट बांधू.