गुरुदासबाबांची चार नंबरची खोली

आमच्या शेजारचे गुरुदासबाब तीस वर्षे खनिजाचा ट्रक चालवत. खाण बंद झाली तेव्हा ट्रक विकून त्यांनी मुळगावात पाच खोल्या बांधल्या. भाडेकरू सगळे कारखान्यात कामाला, कोल्हापूर-बेळगावकडचे. रोख पैशांवरून दरमहा वाद होत, म्हणून सून दीपा हिने भाडे बँकेतून घ्यायचे ठरवले. प्रत्येकाने फोनवरून पाठवताना शेऱ्यात खोलीचा आकडा आणि महिना लिहायचा. बाब पासबुक भरून आणत, एकेक नोंद जुळवत आणि मगच पावती फाडत.

ऑगस्टात चार नंबरच्या परशुरामची बायको राणी माझ्या दारात रडत आली. "वैनी, जूनचं भाडं दिलं नाही म्हणत्यात बाब. पंधरा दिवसांत खोली सोडा म्हणाले. पोरीचं नाव आत्ताच शाळेत घातलंय!"

मी ग्रामदेवी केळबाईला हात जोडले आणि राणीला घेऊन पलीकडे बाबांकडे गेले.

बाब ठाम. "वहिनी, भाडे एक महिना थांबले असते, पण हे दिले म्हणून खोटे सांगतात. बँकेत जमा किती आणि पावत्या किती, एका पैशाचा फरक नाही."

"आमचा फोन बिघडलेला," राणी म्हणाली. "धन्यांनी महादेवदादांच्या हातात रोख दिले, तुमच्या भाड्याबरोबर पाठवा म्हणून."

महादेव दोन नंबरचा. दीपाने वही पुढे ओढली. जूनमध्ये त्याच्याकडून एकदम पाच हजार, महिन्याच्या भाड्याच्या दुप्पट, शेरा 'खोली २ जून'. बाबांनी त्याची जून आणि जुलै अशी पावती दिलेली. जुलैत त्याचे पुन्हा अडीच हजार, शेरा 'खोली २ जुलै'. ते बाबांनी ऑगस्टला लावून तशी पावती दिलेली.

"मामंजी, दहा तारखेआधी न देणारा महादेवदादा आगाऊ भरायला कधी लागला?"

"मला वाटले, सुधारला."

"बेरीज जुळली, पण पैसे भलत्या खोलीला लागले. दोनकडे अडीच जास्त, चारकडे अडीच कमी."

तरी बाबांनी आधी गावी गेलेल्या महादेवला फोन लावला. "हो, त्यातले निम्मे परशुरामचे," तो म्हणाला. "पावतीवर काय लिहिलंय ते बघितलंच नाही, तशीच डब्यात टाकली."

बाबांनी पावतीपुस्तक काढले. मग जुन्या दोन पावत्यांच्या स्थळप्रतींवर 'रद्द' लिहिले, पाने तशीच पुस्तकात ठेवली. जूनच्या दोन नव्या फाडल्या, एक दोनची, एक चारची. दोन्हींवर बँकेचा तोच व्यवहार क्रमांक. जुलैची दोन नंबरची तिसरी. वहीत दोन नंबरचा ऑगस्ट कोरा केला. दीपाने नियम वाढवला: दुसऱ्याचे भाडे पाठवायचे तर वेगळे पाठवा, त्याच्या खोलीचा आकडा घाला. कुणाचे ते कळेना, तर विचारल्याशिवाय पावती नाही.

पावती घेऊन बाब स्वतः चार नंबरच्या दारात उभे राहिले. परशुराम पाळीवरून नुकताच आला होता.

"मी तुला खोटा म्हटले. चूक माझी. खोली सोडायची नाही."

परशुरामने पावती दोनदा वाचली. "बाब, ऑगस्टचं उद्या पाठवतो. माझ्याच फोनवरून."

आतून राणी म्हणाली, "आधी बसायला तरी सांगा त्यांना!"

बाब उंबऱ्यावरच बसले आणि पोरीला कुठल्या इयत्तेत गेलीस ते विचारू लागले.