नणंदेसाठी इंग्रजीत मुद्दे

आमच्या घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चऱ्हाट चालतं, ते एकदा कोणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवावं. मी वाचलंय. हौसेने नाही, गळ्यात पडलं म्हणून. गुलाबाची फुलं, शुभ सकाळ, कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो, पारगावच्या कारखान्याला ऊस कधी जाणार याची चौकशी, आणि मधेच आमच्या लोणीच्या जमिनीचा विषय. तो निघाला की सगळे एकदम बोलायचे आणि अर्ध्या तासाने कुणीतरी पुन्हा फूल टाकायचं.

विषय असा होता. जमिनीच्या सातबाऱ्यावर तीन भावांची नावं. थोरले चुलत सासरे तरुणपणीच कॅनडाला गेले, तिथेच राहिले आणि गेल्या वर्षी तिथेच वारले. मधले माझे सासरे आणि धाकटे चुलत सासरे इथे जमीन कसतात. थोरल्यांच्या मागे एकच मुलगी, माझी चुलत नणंद. तिचा जन्म तिकडचा. मराठी ऐकून बरीच कळते, बोलते मोडकीतोडकी, वाचता मात्र येत नाही. बापाच्या जागी वारस म्हणून आता तिचं नाव लागणार होतं, आणि इथल्या दोघा भावांना वाटणी करून आपापले सातबारे वेगळे करायचे होते. त्यांची अडचण खोटी नव्हती. सगळ्या खातेदारांच्या सह्या असल्याशिवाय वाटप होत नाही, आणि एक खातेदार कॅनडात बसलेली. म्हणून दोघांनी मिळून ठरवलं, पोरीने हक्कसोडपत्र करून द्यावं. म्हणजे आपला हिस्सा काकांना सोडून मोकळं व्हावं. आपल्याकडे बहिणी-लेकी सोडतातच. एक चांगली साडी, चोळी, जेवण, झालं.

तिला इथे यायची गरज नव्हती. तिने तिकडच्या भारतीय कचेरीत जाऊन मुखत्यारपत्र करायचं, ते इथे पाठवायचं, आणि त्या आधारावर मुखत्याराने तिच्या वतीने घोडेगावच्या नोंदणी कचेरीत हक्कसोडपत्रावर सही करायची. मुखत्यार म्हणून नाव ठरलं होतं माझ्या नवऱ्याचं.

ग्रुपमध्ये ती होतीच. फुलांखाली अंगठ्याचं चिन्ह टाकायची. जमिनीचं बोलणं तिने कुठल्याशा ॲपमधून काढून बघितलं, तर ॲपने सांगितलं की कुटुंबात सगळ्यांची संमती आहे आणि सर्वजण तिला वस्त्र देऊन तिचा सन्मान करणार आहेत. तिला ते काही खरं वाटेना. तिने मला आवाजी निरोप पाठवला, "वहिनी, तू मला पॉइंट्स लिहून दे. इंग्लिशमध्ये. तू लिहिशील, मी तेच सही करेल."

मी मंचरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. घरात इंग्रजीचं काही आलं की ते माझ्याकडे. गॅसचं बिल, औषधाची चिठ्ठी, मोटारीच्या स्टार्टरची पुस्तिका. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या इंग्रजीचा राग आला. तू लिहिशील तेच मी सही करेन, असं कुणी म्हणालं की वाटतं, मान मिळाला. मला दाराला बाहेरून कडी लावल्यासारखं वाटलं.

मी सगळं चऱ्हाट वर सरकवत गेले. त्यात धाकट्या सासऱ्यांनी वकिलाचा एक मोठा मजकूर टाकलेला सापडला. वकिलाने दोन रस्ते लिहिले होते. एक, हक्कसोडपत्र. दुसरा, मुलीने फक्त वाटपापुरतं मुखत्यारपत्र द्यावं, तिचा हिस्सा वेगळा निघेल, तिचं नाव राहील, आणि काकांचेही सातबारे वेगळे होतील. खाली त्याने हेही लिहिलं होतं की ती परदेशी नागरिक आहे, वारसाने आलेली शेतजमीन ठेवू शकते, पण एकदा सोडली तर पुन्हा विकत घेऊ शकणार नाही. त्या मजकुराखाली कुणीतरी कलिंगडाचा फोटो टाकला होता. दुसऱ्या रस्त्यावर एकानेही चकार शब्द काढला नव्हता.

आणि आत्या. सासऱ्यांची बहीण, अवसरीला दिलेली. तिने आपला हिस्सा लग्नानंतर लगेच सोडला होता. ग्रुपवर तिचे हात जोडलेले दिसत होते, ॲपने आणि सासऱ्यांनी दोघांनीही त्याची संमती करून टाकली होती. आपल्याकडे हात जोडले म्हणजे नमस्कार, आभार, पुरे करा बाबांनो, पाया पडते, यातलं काहीही असतं. त्या हातांच्या आधी तिने एक आवाजी निरोप टाकला होता आणि थोड्या वेळाने काढून घेतला होता. मी तो ऐकला होता. "पोरीचं नाव ऱ्हाऊ द्या रं. मी सोडलं, तवापासनं त्या रानात मला कुनी बस म्हनल्याबिगर बसता येत न्हाई." बस, एवढंच. मग हात जोडलेले.

हे मुद्द्यात कसं लिहायचं? काढून घेतलेलं बोलणं बोललं गेलं म्हणायचं की नाही?

रविवारी दुपारी सासरे आणि धाकटे सासरे बराखीत, म्हणजे कांद्याच्या चाळीत, कांदा भरून आले आणि ओसरीवर बसले. नणंदेने मुद्दे मागितल्याचं नवऱ्याकडून त्यांना कळलं होतं. मला समोर बसवलं. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. ते म्हणाले, "सात-आठ मुद्दे टाक. लई लांबण लावू नको. पहिला टाक, समद्यांची संमती हाय."

"मामा, समद्यांची कुठंय? आत्या काय म्हणाल्या ते..."

"तिनं काढून टाकलं न्हवं? मग ते न्हाईच."

"आणि वकिलाचा दुसरा रस्ता?"

धाकटे सासरे हसले. "दोन रस्ते दावले तर पोर बसंल चौकात. एकच दाव."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चार्जरची वायर गुंडाळत होता. ती गुंडाळून झाल्यावर त्याने उलगडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. "सांगतात तेवढं लिही ना," तो म्हणाला. त्याच्या नावाने मुखत्यारपत्र होणार आणि त्याला जणू हवा-पाण्याच्या बातम्या ऐकायच्या होत्या. मला त्याचा संताप आला.

एकदा मनात आलं, लिहायचं एक आणि वाचून दाखवायचं दुसरं. यांना कुठे इंग्रजी कळतंय? पण धाकटे सासरे वस्ताद. म्हणाले, "लिहून झालं की मला टाक, मी ॲपमधी मराठी करून बघतो." तीही वाट बंद. मी त्यांनी सांगितलेले मुद्दे लिहिले. 'सगळ्यांची' हा शब्द गाळून दोन्ही काकांची संमती आहे असं लिहिलं. जमीन एकत्र आहे. वाटणी करायची आहे. सह्यांची अडचण आहे. हक्कसोडपत्र हा रिवाज आहे. काकांचं तुझ्यावर प्रेम आहे. हा मुद्दा मामांनी दोनदा घालायला लावला, आणि खरं सांगायचं तर तो खोटा नव्हता. ती लहानपणी एकदा आली होती तेव्हा ते तिला खांद्यावर घेऊन रानभर हिंडले होते. माणसं वाईट असती तर माझं काम किती सोपं झालं असतं.

लिहिलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण दुसरा रस्ता त्यात कुठेच नव्हता. धाकट्या सासऱ्यांच्या ॲपने त्याची मराठी केली, ती वाचून दोघांनी माना डोलवल्या. मी पाठवलं.

तिकडे नुकतं उजाडत होतं. ती जागीच असावी. लगेच उत्तर आलं, थँक यू वहिनी. आणि खाली एक प्रश्न. तुझ्या माहेरी असं झालं तेव्हा तू काय केलंस?

"काय म्हनती?" मामांनी विचारलं.

मी सांगितलं.

"मग सांग की खरं."

माझं माहेर जुन्नरकडचं. वडील गेल्यावर भावाने गाडी पाठवली, मी गेले, कचेरीत फोटो काढला, अंगठा उमटवला, सह्या केल्या. कागद मराठीत होता. मला मराठी येते, मी शिक्षिका, त्यामुळे मला तो वाचून दाखवावा असं कुणाला वाटलं नाही, आणि भावादेखत पानं उलटून वाचत बसणं मला बरं दिसलं नाही. नंतर हॉटेलात जेवलो. भावजयीने साडी दिली. चांगली होती साडी, अजून नेसते.

मी लिहिलं, मी सही केली.

तिचं उत्तर आलं, ओके, मग मी पण करते.

धाकट्या सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. मामांनी टोपी काढून डोकं पुसलं. नवऱ्याने वायर खाली ठेवली. सगळ्यांचे चेहरे सैल झाले आणि मी त्या ओळीकडे बघत बसले. माझ्या खऱ्या बोलण्याचा असा उपयोग होणार होता. माझी सही आता तिच्या सहीखाली पायरी म्हणून लागणार होती. ते मला सहन झालं नाही.

मी पुन्हा लिहायला घेतलं. लिहिलं, की मी सही केली, पण मला दुसरा रस्ता आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. तुला आहे. वकिलाने तो लिहून दिलाय. त्यात वाटणीही होते आणि तुझं नावही राहतं. सोडलंस तर परत घेता येणार नाही. आत्यांची संमती आहे की नाही ते आम्हाला विचारू नकोस, त्यांना फोन कर, तुला त्यांचं बोलणं कळेल.

पाठवलं, आणि धाकटे सासरे ॲप उघडायच्या आत मीच मामांना एकेक वाक्य मराठीत सांगितलं. एकही शब्द बदलला नाही.

धाकटे सासरे चहा न घेता उठून गेले. मामांनी टोपी डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, "तुझ्या भावाला ठावं हाय का, तुझ्या मनात हे असं हाय?"

"न्हाई."

"मंजी घर आमचं गावलं तुला बोलायला."

मी धाकट्या सासऱ्यांचा न घेतलेला चहा उचलून आत नेला.

नणंदेने आत्यांना फोन केला. काय बोलल्या ते दोघींनी कुणाला सांगितलं नाही. तिने वाटपापुरतंच मुखत्यारपत्र पाठवलं, तेही आत्यांच्या नावाने. वारस नोंद झाली, वाटप झालं, तिघांचे तीन सातबारे निघाले, दोघा भावांचं काम अडलं नाही. घरात माझ्याशी सगळे नीट बोलतात. फक्त इंग्रजीचं काही आलं की ते आता धाकट्या सासऱ्यांच्या ॲपकडे जातं. गॅसचं बिलसुद्धा.

नणंदेने तिच्या सातबाऱ्याचा फोटो मला पाठवला होता. तिच्या नावावर तिने बोट ठेवलं होतं, ते वाचता येत नव्हतं तरी कुठलं ते तिला ओळखू येत होतं. तिने विचारलं, वहिनी, आता तू तुझ्या भावाशी बोललीस का?

पुढच्याच आठवड्यात मी माहेरी जाऊन आले. भावाने विहिरीवर नवी मोटार बसवली होती, ती बघायला तो मला रानात घेऊन गेला. भावजयीने चहा तिथेच आणला. भाऊ म्हणाला, "बस की गं."

मी बसले. चहा प्याले. मोटार चांगली आहे म्हणाले.