भवानीचे दहा रुपये

सोलापुरात नवी पेठेच्या एका बोळात माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस, दोऱ्याची रिळं. दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आली तर तिसरीनं पायरीवर उभं राहायचं. आमचे मालक वारल्यापासून मी एकटीच चालवते. एकटी म्हणजे मी आणि आत्या. सासूला आमच्यात आत्या म्हणतात. आत्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून असायच्या आणि धंदा कसा करायचा ते मला सांगायच्या. मी तोंड वाकडं करायचे आणि तसंच करायचे.

आत्यांचा एक नियम मात्र देवासारखा होता. सकाळची पहिली विक्री, भवानी, मोडायची नाही. पहिल्या गिऱ्हाइकानं दोन रुपये कमी करून मागितलं तरी माल द्यायचा. पैसे हातात आले की डोळ्याला लावायचे, आणि एकदा डोळ्याला लावले की सौदा पक्का. मग गिऱ्हाईक कसंही असो, माघार नाही. लोक फोनवरून पैसे द्यायला लागले तेव्हा मी म्हटलं, आता काय डोळ्याला लावायचं? आत्या म्हणाल्या, "फोन लाव की." तेव्हापासून काउंटरवरच्या त्या, पैसे आले की बोलून सांगणाऱ्या डबड्यानं पहिली रक्कम सांगितली की मी फोन डोळ्याला लावते. समोरचे बांगडीवाले चाचा हसायचे. हसू देत.

आत्यांचे गुडघे पार गेले होते. दुकानाच्या दोन पायऱ्या चढायला त्यांना शटरची पट्टी धरून पाच मिनिटं लागायची, आणि वर आल्यावर खुर्चीत दम खात बसायच्या. डॉक्टरांनी डावा गुडघा आधी बदलायचा म्हणून सांगितलं, तारीख दिली. एक लाख वीस हजार खर्च. माझ्या खात्यात एक लाख आठ हजार जमले होते. ते कसे जमले ते सांगत बसत नाही, सांगितलं तर माझंच डोकं फिरतं. राहिलेल्या बारा हजारांसाठी मी पिकोचं मशीन विकायला काढलं. साडीच्या काठाला पिको करायची माझ्या डोळ्यांत आता ताकद नव्हती, आणि मशीन नुसतं धूळ खात होतं. भाचीनं त्याचा फोटो काढून जुन्या वस्तूंच्या अॅपवर टाकून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शटर वर करून पाणी शिंपडत होते, तेवढ्यात फोन आला. माणूस चांगलं मराठी बोलत होता. बहिणीला बार्शीत शिलाईचं दुकान टाकून द्यायचंय, मशीन पसंत आहे, टेम्पो संध्याकाळी येऊन घेऊन जाईल. मी बारा हजार सांगितले. तो म्हणाला, "चालेल, मावशी."

इथंच मला कळायला हवं होतं. सोलापुरात दहा रुपयांच्या रिळासाठी बाई माझ्याशी पाच मिनिटं घासाघीस करते, आणि हा बारा हजारांचं मशीन न बघता घेतो. पण मला बरं वाटलं. मनात आलं, सज्जन माणूस आहे, आपल्यालाच लोकांवर संशय घ्यायची खोड लागलीय.

मी म्हटलं, अजून भवानी झाली नाही, पैसे कधी पाठवता? तो लगेच म्हणाला, "मग आधी भवानी करू या, मावशी. दहा रुपये पाठवतो, आले का बघा." डबडं बोललं, दहा रुपये प्राप्त झाले. मी सवयीनं फोन डोळ्याला लावला. खुर्चीतून आत्या म्हणाल्या, "झाली भवानी. लई चांगला माणूस दिसतोय."

आणि माझ्या बाजूनं सौदा पक्का झाला. आता तो काहीही सांगेल ते मी करणार होते, एवढं त्या दहा रुपयांत त्यानं विकत घेतलं.

मग म्हणाला, मोठी रक्कम कंपनीच्या खात्यातून येते, ती डबड्यावर येत नाही, मी लिंक पाठवतो, तिच्यात पैसे स्वीकारा असं दाबा. लिंक आली. उघडली तर बँकेसारखंच पान, वर बारा हजारांचा आकडा, खाली हिरवं बटण. त्या पानानं कार्डाचा नंबर विचारला, मुदतीची तारीख, मागचे तीन आकडे, आणि शेवटी पिन.

पिन बघून माझा हात थांबला. खोटं नाही सांगत, थांबला. मी आत्यांना म्हटलं, "ह्यो पिन मागतोय." आत्यांना पिन म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "भवानी घेतलीयास की त्येची. आता माघारी फिरू नगंस." फोनवर तोही म्हणत होता, "मावशी, पैसे तुमच्याच खात्यात जाणारेत, खातं तुमचंच आहे का ते बँक तपासणार नाही का?" मला पटलं. मी पिन टाकला.

मग फोनवर मेसेजमधून सहा आकडे आले. तो म्हणाला, ते पानावर भरा. भरले. म्हणाला, रक्कम अडकली, आकडे पुन्हा येतील. पुन्हा आले, पुन्हा भरले. तिसऱ्यांदाही भरले. त्या मेसेजमध्ये आकड्यांच्या वर लिहिलेलं असतं, किती रुपये कुठं चाललेत ते. मी वाचलंच नाही. आकडे तेवढे उचलत गेले, कारण तो घाई करत होता आणि दारात दोन बायका अस्तर दाखवा म्हणत उभ्या होत्या.

नंतर त्याचा फोन बंद लागायला लागला. मेसेज उघडून बघितले तर तीन वेळा पैसे गेले होते, मिळून अठ्ठ्याण्णव हजार. त्या बायकांना मी काय बोलले ते आठवत नाही. चाचा रस्ता ओलांडून आले, मी फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी बघितलं आणि हळूच म्हणाले, "भाभी, पैसे लेने कू पिन कायकू लगता?"

रोज शंभर माणसं माझ्या दुकानात उभं राहून पैसे देतात. पिन ते टाकतात. मी कधी टाकते का? मी नुसती डबड्याचं ऐकते. हे मला दुकानात बसून बसून तोंडपाठ होतं, आणि तरी मी टाकला. ही गोष्ट आजही आठवली की मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

चाचांनी डोकं शाबूत ठेवलं. आधी बँकेच्या नंबरला फोन लावून कार्ड बंद करायला लावलं. तिथलं यंत्र मराठीसाठी हे दाबा, त्याच्यासाठी ते दाबा करत बसलं आणि मी त्या यंत्राला शिव्या घातल्या. मग सायबर गुन्ह्यांच्या सरकारी मदतीच्या नंबरला लावला. तिथली पोरगी शांतपणे एकेक विचारत होती, किती वाजता, किती रुपये, मेसेजमधला व्यवहाराचा नंबर सांगा. तिनं तक्रारीचा नंबर दिला. चाचांच्या स्कूटरवर बसून बँकेत गेले, तिथून पोलिसांच्या सायबर विभागात.

बँकेतला साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं पाणी दिलं. पण म्हणाला, "तुम्ही स्वतः पिन दिलाय, ओटीपी दिलाय. कळवायच्या आधी गेलेलं आम्हाला भरून देता येत नाही." मी म्हटलं, साहेब, तो माणूस खोटं बोलला. तो म्हणाला, "हो, ताई." एवढंच. त्याच्याशी भांडावं असं त्यानं काही ठेवलंच नव्हतं.

पोलिसांनी सगळं लिहून घेतलं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात गेले होते, आणि बरेचसे कुठल्या तरी लांबच्या गावात काढूनही झाले होते. एका खात्यात नऊ हजार सापडले, ते गोठवले. ते मिळायला कोर्टाचा हुकूम लागतो. अर्ज केला. अजून चालू आहे.

दवाखान्यात तारीख रद्द करायला मी एकटी गेले. काउंटरवरच्या मुलीनं नाव खोडलं आणि पुढची तारीख कधीची घालू म्हणून विचारलं. मी म्हटलं, सांगते. सरकारी दवाखान्यातल्या योजनेत नाव घातलंय, नंबर लागेल तेव्हा लागेल.

आत्यांना मी बँकेचीच काहीतरी गडबड झाली असं सांगितलं होतं. पण पेठेत बातमी लपते का? चार दिवसांत त्यांना सगळं कळलं, पिनसकट. मला वाटलं रागावतील, आणि रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायऱ्या त्या शटरची पट्टी न धरता चढल्या. गुडघ्याचा कडकड आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. वर येऊन म्हणाल्या, "बग, आता दुकत न्हाय." चेहरा घामानं डबडबला होता. तेव्हापासून रोज तसंच चढतात, रोज तेच सांगतात. मी धरायला गेले की हात झटकतात. मी गल्ल्यावर जाऊन बसते.

परवा सकाळी पहिलीच बाई आली. फॉल बघितला, अस्तर बघितलं, सगळं काउंटरवर उलगडून टाकलं आणि पंचवीसचा फॉल पंधराला मागितला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी सवयीनं कोपऱ्याकडं बघितलं, कारण आता आत्या म्हणणार, दे गं, भवानी हाय.

आत्या दोन्ही हातांनी गुडघा दाबून बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "परवडत नसंल तर नगं देऊस. भवानी मोडली तर मोडू दे."

चाळीस वर्षं या पेठेत त्यांनी कधी भवानी मोडू दिली नव्हती. मी फॉल गुंडाळला, त्या बाईच्या पिशवीत घातला आणि पंधरा रुपये घेतले. डबडं बोललं. फोन डोळ्याला लावायला उचलला, आणि तसाच खाली ठेवला.