मुकादमीण आणि ०.८४

देऊळगाव राजाच्या भागात शेडनेटमध्ये, म्हणजे सावलीच्या जाळीखाली, मिरचीचं बियाणं तयार करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाचं काम मी पाहते. संध्याकाळी कळी उकलून तिच्यातले पुंकेसर चिमट्यानं काढायचे आणि सकाळी त्याच फुलाला नर ओळीतल्या झाडाचे परागकण लावायचे, याला आमच्याकडे क्रॉसिंग म्हणतात. बायकांच्या टोळ्या ते करतात. सगळ्यात जुन्या टोळीची मुकादमीण माझ्यापेक्षा मोठी. मी तिला मावशी म्हणते, ती मला ताई.

गेल्या वर्षी बरंच बियाणं उगवणीच्या चाचणीत नापास झालं. आमच्या फील्ड ऑफिसरनं एक्सेलची शीट माझ्यापुढे उघडली. प्रत्येक ओळीत एक शेडनेट. दुसऱ्या रकान्यात मावशीच्या टोळीनं तिथे किती दिवस काम केलं ते, तिसऱ्या रकान्यात शंभरातल्या किती बिया उगवल्या नाहीत ते. खाली त्यानं सहसंबंधाचं, सीओआरआरईएलचं, सूत्र टाकलं होतं. उत्तर ०.८४.

"मॅडम, एक म्हणजे पक्का संबंध, आणि हे एकाच्या इतकं जवळ. टोळीचे दिवस वाढले की खराब बी वाढतं. या वर्षी तिला यापुढे काम द्यायचं नाही."

मला ते पटलं. मावशीची नजर पूर्वीसारखी नाही, हे मी पाहिलं होतं. घाईत चिमटा स्त्रीकेसराला लागला तर फळात दमदार बी कुठून भरणार? या वर्षीचं पहिल्या नेटमधलं क्रॉसिंग नुकतंच सुरू झालं होतं; दुसऱ्या दिवशी तिच्या टोळीमागे उभी राहून मी तिचे हात बघत राहिले. तिला कळलं.

"ताई, आज काऊन पाठीमागं उभ्या? चिमटा चोरून नेईन म्हून?"

बायका हसल्या. मी नाही हसले.

घरी येऊन शीट पुन्हा उघडली. सूत्रात तिसरा रकाना आधी आणि दुसरा नंतर टाकला. उत्तर तेच, ०.८४. रकाने उलटे केले तरी आकडा हलत नाही. म्हणजे दोन रकाने सोबत चढतात एवढंच तो सांगतो; कोणी कोणाला चढवलं ते नाही. टोळीमुळे बी बिघडलं असेल, किंवा बिघडणाऱ्या नेटवरच टोळी गेली असेल. आता मला आकड्याचाही संशय यायला लागला.

जिथे ती सगळ्यात जास्त दिवस होती, त्या शेतकऱ्याला मी फोन केला. तिलाच का बोलावलं?

"लागवड लेट झाली न ताई. उन्ह तापायच्या आत क्रॉसिंग उरकाचं होतं. तिची टोळी झपाट्यानं करते."

स्वतःची चूक कोणी हौसेनं सांगत नाही, म्हणून यावर मी विश्वास ठेवला. उशिराच्या नेटमध्ये फुलं कडक उन्हात येतात, परागकण मरतात, बी पोचट राहतं. आणि उशीर झाला की सगळे मावशीलाच हाक मारतात. उशीर एकच, पण तो दोन्ही रकाने वाढवत होता.

मी शीटमध्ये लागवडीच्या तारखेचा रकाना घातला. लवकरच्या आणि उशिराच्या नेटचे वेगळे आकडे काढले. दोन्हीकडे उत्तर शून्याच्या आसपास, म्हणजे टोळीचे दिवस आणि खराब बी यांचा संबंधच दिसेना.

ऑफिसर म्हणाला, "मग ती सुटली?"

"नाही. ओळी थोड्या आहेत. हाही आकडा मी डोळे मिटून घेणार नाही."

या वर्षी तिचं काम चालू ठेवलं, पण एका उशिराच्या नेटमध्ये मधोमध दोरी बांधली. चिठ्ठी टाकून एक अर्धा भाग तिच्या टोळीला, दुसरा दुसऱ्या टोळीला. नेट एक, लागवड एक, ऊन एक. फळं वेगळी तोडली, बी वेगळ्या पिशव्यांत भरलं आणि पिशव्यांवर टोळीचं नाव न लिहिता नुसत्या खुणा करून चाचणीला पाठवलं.

दोन्ही पिशव्या नापास झाल्या. फरक नावालाही नव्हता. ऑफिसरनं निकाल दोनदा वाचला आणि पुढच्या हंगामाच्या यादीत मावशीची टोळी स्वतःच्या हातानं घातली. उशिराच्या लागवडीला गटात परवानगी द्यायची नाही, हेही त्याच बैठकीत ठरलं.

मी तिला निकाल सांगायला शेतावर गेले. ती बांधावर बसून चिमटे धूत होती.

"दोरी त्याच्यासाठी होती व्हय?" ती म्हणाली. "मले वाटलं, दोन टोळ्या भांडू नये म्हून बांधली."

"तुमच्यावर संशय होता, मावशी. आता नाही."

"मले इचारलं असतं तं मी सांगितलं असतं, उन्हात फूल टिकत नाही."

"चूक तुमची असती तरी तुम्ही तेच सांगितलं असतं. म्हणूनच विचारलं नाही."

तिनं चिमटे फडक्यात गुंडाळले. "हाव, बरोबर हाय," म्हणाली, आणि उठून नेटमध्ये गेली. त्यानंतर ती कामाचं सगळं बोलते, पण आमच्या ऑफिसात पूर्वीसारखी चहाला थांबत नाही.