बंद, कुलूप, वजन, बटण

कमला खोब्रागडे ऊर्जानगरच्या वीज केंद्रात, प्रशिक्षण विभागात शिकवायची. प्रोजेक्टरवर ठेवायचे पारदर्शक कागद ती स्वतः रंगवी, आणि तिची चित्रं इतकी देखणी असत की वर्गात लोक चित्रंच पाहत बसत.

१९८७ साली कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांची मोठी दुरुस्ती निघाली. फोरमन देवरावची रात्रपाळी होती, म्हणून त्याचा दुरुस्तीआधीचा सुरक्षेचा वर्ग हुकला. तो दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे उभा राहिला.

"कमलाबाई, मी गोंडपिपरीहून एसटीनं येतो. जाता-येता वेळच वेळ असते. साल्याचा वॉकमन आहे. ते चित्रं टेपात भरून देता काय?"

"चित्रं टेपात कशी भरू, देवरावभाऊ?"

"तुमी बोला. मी आयकतो."

कमलाने प्रोजेक्टर लावला आणि एकेक कागद वाचत कॅसेट भरली. सोपं काम वाटलं तिला. चार दिवसांनी देवराव आला तो हसू दाबत.

"बाई, तुमी म्हणता, 'हा लाल बाण बघा.' मी खिडकीतून पाह्यलं. कोठारीचा फाटा दिसला."

कमलालाही हसू आलं. "अन् बाकी?"

"बाकी झोप लागली. बल्लारपूरले जाग आली तं तुमी कशाचं तरी वजन सांगून राह्यल्या होत्या. कशाचं, कोण जाणे. अन् बाजूले मासे विकणारी बायनाबाई बसते. तिनं हेडफोनचा एक कान मागितला. म्हणे, बाई चांगली बोलते, पण चालली कुठी ते सांगत नाई."

हे शेवटचं वाक्य कमलाला लागलं. त्या संध्याकाळी तिने प्रोजेक्टर बंद केला, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि डोळे मिटून विचार केला, की काही दिसतच नाही अशा माणसाला हे कसं सांगायचं.

कॅसेट पुन्हा भरताना आकड्यांचा अख्खा तक्ता तिने गाळला. ऐकून तो कोणाच्या लक्षात राहणार? लाल बाणाच्या जागी ती म्हणाली, "तुम्ही पट्ट्याच्या बाजूला उभे आहात. पट्टा डावीकडून उजवीकडे वर चढतो. तुमच्या डाव्या हाताला, पट्ट्याखाली, त्याला ताण देणारं लोखंडी वजन लटकतं." आणि अगदी सुरुवातीला तिने सांगून टाकलं, "आज चारच गोष्टी. बंद, कुलूप, वजन, बटण."

मग प्रत्येक गोष्टीआधी ती टेबलावरची वाटी चमच्याने एकदा वाजवी. "ही तिसरी गोष्ट, वजन. आधी आपण पट्टा बंद केला, फ्यूज काढून कुलूप लावलं. पण वीज गेली तरी वजन लटकलेलंच आहे. ते सुटलं तर पट्टा ओढला जाईल. म्हणून ते बांधा. मगच पुढची गोष्ट, चौथी." चौथी होती चालू करायचं बटण दाबून बघण्याची: पट्टा हलला नाही, तरच वर चढायचं. शेवटी चारही गोष्टी पुन्हा, सावकाश. तिला स्वतःलाच कंटाळा आला, पण तिने एकही गाळली नाही.

या खेपेला देवराव जागा राहिला. मध्येच डोळा लागला तरी वाटी वाजली की त्याला कळे, आपण कुठे आहोत. बॅटरी उतरली की कमलाचा आवाज जाडाभरडा होई, मग बायनाबाई म्हणे, "बाईले सर्दी झाली." ती रोज कान मागायची. एकदा कंडक्टरने तिची टोपली पायरीवरून हलवायला सांगितली तर ती म्हणाली, "आधी गाडी बंद कर, मंग वजन बांध." मागच्या बाकापर्यंत हशा पिकला.

दुरुस्तीच्या दिवशी वीज बंद झाली, कुलूप लागलं. लच्छू नावाचा फिटर पाना घेऊन पट्ट्यावर पाय ठेवणार, तेवढ्यात देवराव म्हणाला, "थांब. दोन झाल्या. तिसरी?"

लच्छू गोंधळला. देवराव खाली वाकला. वजन तसंच लटकत होतं, साखळी बाजूला पडलेली.

"वजन," देवराव म्हणाला. "मांगं हो. हे बांधल्याबिगर अन् बटण दाबल्याबिगर कोणी चढायचं नाई."

वजन बांधलं, बटण दाबून पाहिलं, पट्टा हलला नाही. मग काम सुरू झालं. देवरावने हे कमलाला सांगितलं तेव्हा तिने त्याच्यासाठी खुर्ची ओढली. मग म्हणाली, "चहा घेता काय?"

पुढच्या महिन्यात तिच्या साहेबांनी ती कॅसेट खोलीत बसून ऐकली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एकच गोष्ट किती वेळा सांगता हो?"

"साहेब, ती खोलीत ऐकायची नाहीये. गडचिरोलीला जाताना जीपमध्ये लावा."

साहेब दौऱ्यावरून परतले आणि कॅसेट तिच्या टेबलावर ठेवली. "ड्रायव्हरला पुढच्या खेपेलाही हीच हवीय," ते जरा ओशाळून म्हणाले. "बॉयलरची पण आहे का एखादी?"

कमलाने कपाटातून बॉयलरचे रंगीत कागद काढले, आणि खुर्ची भिंतीकडे वळवली.