कुर्बानभाईनं माहा अर्ज ढिगात टाकला नाही

माही पोरगी चंदा आज नर्सिंग शिकून राहिली ते कुर्बानभाईच्या पायी, हे मी कोनापुढंही सांगते. अन् गंमत अशी, का हा मानूस मले आधी बिलकूल आवडत नव्हता.

कुर्बानभाई बार्शीटाकळीच्या आमच्या बँकेत शिपाई आहे. अकोल्याच्या जुन्या शहरातला मानूस. पहिले कापसाच्या जिनिंगमधी कामाले होता, जिनिंग बंद पडली तवा इकडं आला. अंगानं काडी, आवाज मात्र मोठा. कोनाचा फारम चुकला का साऱ्या बँकेले ऐकू जाईल असा ओरडे. मी म्हनायची, बँक काय याच्या बापाची आहे का? तोंड मीही कमी नाही चालवत म्हना.

त्या साली सोयाबीनले भावच नव्हता. तरी विकलं, कारन चंदाची फी भराची होती. व्यापाऱ्यानं पैसे सरळ माह्या खात्यात टाकले. कॉलेजची फी पाच वाजेपर्यंत जमा झाली नाही तर जागा दुसऱ्या पोरीले जानार होती. चंदा सकाळीच अकोल्याले कॉलेजात जाऊन बसली, अन् मी बँकेत.

काउंटरवरच्या अरीबा म्याडमनं खातं पाहिलं अन् सांगतलं, पैसे आहेत पन निघत नाहीत. केवायसीची तारीख निघून गेली, म्हनून खात्यात जमा होते, काढनं बंद आहे. मी भडकलीच. पैसे येताना खातं चांगलं अन् जाताना खराब, हे कोनतं शहानपन? तिनं शांतपनानं समजावलं, का बँक दर काही वर्षांनी खातेदाराची ओळख अन् पत्ता नव्यानं तपासते. मेसेज पाठवले होते, चिठ्ठीही पाठवली होती.

मेसेज गेले जुन्या नंबरवर, ते सिम मी कवाच फेकलं. चिठ्ठी मात्र चार महिन्यांआधी भेटली होती, ते मी पिशवीतून काढून दाखवली. पन मी तिच्याकडं ध्यानच नाही देलं. काहून का रेशन दुकानात अंगठा देला होता, पीएम किसानच्या सरकारी हप्त्यासाठी सेतू केंद्रातही देला होता. आमच्या गावात सारे असंच समजतात, का एकदा अंगठा देला का सारीकडची केवायसी झाली.

कुर्बानभाईनं ते चिठ्ठी वाचली अन् सुरू झाला. रेशनचं रेशनले, हप्त्याचं हप्त्याले, बँकेचं बँकेतच करा लागते, चार महिने काय करून राहिली होती? मले लाजही वाटली अन् रागही आला. मंग मशीनवर अंगठा ठेवला. एकदा, दोनदा, चारदा. निंदन अन् कापूस वेचून बोटं पार घासली, मशीन घेईचना. मी तिथंच फरशीवर बसली. मले वाटलं, गेली माह्या पोरीची जागा.

"उठा ताई," कुर्बानभाई म्हने. "अंगठ्यावाचून बी होते. खरं आधारकार्ड आनलं का?"

आनलं होतं. तो स्वताच झेरॉक्स काढून आला. माह्याजवळ बसून फारम भरला. पत्ता तोच आहे, काही बदल नाही, असं लिहून घेतलं. मोबाईलचा नवा नंबर टाकला. पॅनकार्ड नव्हतं, तर त्याच्या बदल्यात साठ नंबरचा फारम भरला. फोटो चिकटवला, सह्या घेतल्या. अरीबा म्याडमनं खरं कार्ड पाहून सारं कम्प्युटरवर चढवलं.

पन खातं मोकळं व्हाले साहेबाची मंजुरी लागते, अन् साहेब मिटिंगमधी. टेबलावर अर्जांचा हा एवढा ढीग. पावनेतीन वाजले होते. ढिगात टाकला तर उद्याच निघन, म्हनून कुर्बानभाई माहा अर्ज हातात घेऊन साहेबाच्या दाराशी उभा राहिला. दोनदा साहेबानं हाकलला. ज्याचा आवाज साऱ्या बँकेत घुमे, तो खाली मान घालून ऐकून घे अन् पुन्हा तिथंच उभा राहे. मी लांबून पाहून राहिली होती. माह्यासाठी कोनी असं बोलनं खाल्लं नव्हतं कधी.

साडेतीनले मंजुरी झाली. एक पैसा लागला नाही. अरीबा म्याडमनं लगेच कॉलेजच्या खात्यात फी पाठवली. सव्वाचारले चंदाचा फोन आला, पावती भेटली म्हने. 

मी कुर्बानभाईच्या पाया पडाले वाकली, तर तो मागं सरकला. पुन्हा तोच मोठा आवाज, "सकायपासून पोटात काही आहे का तुमच्या?"

नव्हतं. घरून निघाल्यापासून मले कोनीच नव्हतं विचारलं, माह्याही ध्यानात नव्हतं. त्यानं आपला डब्बा उघडला, अर्धी भाकर मले देली, अन् मी तिथं बाकड्यावर बसून रडत रडत खाल्ली.