गोजाबाईची बिनतिखटाची चूल

गोजाबाईच्या हातची आमटी खाऊन ज्याच्या नाकातोंडातून पाणी आलं नाही तो गडी गिरणीत टिकायचा नाही, असं सोलापूरच्या भवानी पेठेतले कामगार म्हणायचे. बाई वैरागची, हाताने सढळ आणि तोंडाने फटकळ. नवरा आबासाहेब गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता आणि घराच्या पुढच्या दोन खणांत ती वीस-बावीस माणसांची खाणावळ चालवायची. तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची छाती अख्ख्या पेठेत कुणाची नव्हती. एकच माणूस सोडून. ते माणूस म्हणजे तिची थोरली नणंद, मुक्ताबाई.

गोजाबाई नवी नवरी असताना तिने पहिल्यांदा पुरणपोळ्या केल्या, तेव्हा मुक्ताबाईने एक घास खाल्ला आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "गोजे, पुरन वाटलंस का कुटलंस?" तिथून जी सुरुवात झाली ती पंचवीस वर्षं चालूच. मुक्ताबाई सणाला माहेरी यायची, चार दिवस राहायची आणि चार खोडी काढून, वर पिशवीत शेंगाचटणी भरून घेऊन जायची. खरं सांगायचं तर त्या खोडींमुळेच गोजाबाईचा हात सुधारला, पण हे कबूल कोण करणार?

अठ्ठ्याहत्तर साली मुक्ताबाईच्या छातीत गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं आणि तिथल्या डॉक्टरांनी पुढच्या सहा महिन्यांच्या इंजेक्शनांची चिठ्ठी लिहून दिली. ती इंजेक्शनं सोलापुरातले एक डॉक्टर देणार होते, म्हणून मुक्ताबाई भावाकडेच राहायला आली. "वन्संला मी खाऊ घालते, बघा दोन महिन्यात कशी गरगरीत हुती," असं गोजाबाईने नवऱ्याला छातीठोक सांगितलं.

पहिल्या इंजेक्शनानंतर उलट्या झाल्या, त्या निभावल्या. दुसऱ्यानंतर आठवड्याभरात मुक्ताबाईने ताटावर बसून आमटीचा भुरका मारला आणि तोंड वाकडं केलं.

"गोजे, कळकलीय की ही."

खाणावळवालीला यापरती शिवी नाही. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली की आंबट जिन्नस कळकतो, त्याला तांब्याची ओंगळ चव येते, आणि अशा अन्नाने माणसं आजारी पडतात. कळकलं म्हणजे बाई भांड्यांकडे बघत नाही. गोजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण आजारी माणूस, म्हणून ती गप्प बसली आणि दुसऱ्या दिवशी कल्हईवाल्याला दारात बसवून घरातलं झाडून सगळं पितळ काढलं. तपेली, परात, पातेली, पाणी प्यायचा तांब्यासुद्धा. भाता सुरू झाला, नवसागराचा धूर गल्लीभर झाला आणि संध्याकाळी भांडी अशी झगझगीत झाली की त्यात तोंड दिसावं.

त्या भांड्यात केलेली आमटी वाढून ती कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. मुक्ताबाईने बोट चाटलं आणि मान हलवली. "तसंच लागतंय."

"वन्सं, पंचवीस वर्सं ऐकून घेतलं! आता भांडी नव्या नवरीसारकी झाल्यात, तरी तुमचं त्येच? खोड काडल्याबिगार घास उतरत न्हाय व्हय तुमाला?"

मुक्ताबाईने ताट जवळ ओढलं आणि ती खाली बघत राहिली. आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं ताट चाटूनपुसून रिकामं येऊ लागलं. ना मीठ कमी, ना तिखट जास्त. गोजाबाईला वाटलं, जिंकले बाई एकदाची! तिने आबासाहेबांना सांगितलं, शेजारणीला सांगितलं. नणंदेने तोंडावर पदर का धरलाय, हे मात्र तिने विचारलं नाही.

पुढच्या फेरीच्या इंजेक्शनाला दोघी दवाखान्यात गेल्या, तेव्हा डॉक्टरांनी आधी मुक्ताबाईला काट्यावर उभं केलं. एक्केचाळीस किलोची बाई सदतीसवर आली होती. त्यांनी बॅटरी लावून तोंडात पाहिलं. गालाच्या आतून, जिभेच्या कडेला, ओठामागे फोडच फोड, आणि त्यावर पांढरे डाग.

"आज इंजेक्शन देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तोंडातले फोड भरून यायला हवेत, रक्त तपासून बरं यायला हवं आणि वजन उतरायचं थांबायला हवं. फार लांबवून चालायचं नाही. औषधात खंड पडला तर गाठ परत डोकं वर काढू शकते. दोन आठवडे देतो. बाई, यांना खायला काय घालता?"

"सगळं घालते की! ताट रिकामं येतंय!"

डॉक्टरांनी मुक्ताबाईकडे पाहिलं. मुक्ताबाईने गोजाबाईकडे पाहिलं नाही. हळूच म्हणाली, "परड्यात शेजाऱ्याची शेळी हाय. तिला घालत हुते. घास तोंडात घेतला की निखारा ठिवल्यावानी हुतंय. वर पैसा चघळल्यासारकी चव. पर बोलले की हिला वाईट वाटतंय."

गोजाबाईला त्या बाकावर बसल्या जागी धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चार किलो! आपल्या घरात, आपल्या चुलीसमोर, बाई उपाशी राहिली आणि आपण गल्लीभर मिरवत होतो. तिने डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, चव भांड्याची नव्हेच, औषधाची. पुष्कळांना अशी येते, पुढे जाते. तिखट, आंबट, खारट, कडक आणि कढत एवढं बंद करा. मऊ, ओलं, कोमट द्या. दर दोन तासांनी थोडंथोडं. दूध, अंडं, डाळ पोटात गेली पाहिजे. जेवणाआधी कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खायचा सोडा घालून चुळा भरायच्या. आणि धातूची भांडी तोंडाला लावू नका, त्याने ती चव वाढते. फोडांवर लावायला त्यांनी औषधही दिलं.

दोघी टांग्याने घरी निघाल्या. घर आल्यावर गोजाबाई म्हणाली, "वन्सं, माझं चुकलं. आता मला एकच पायजे. तुमी नावं ठिवायची. एकूनएक घासाला. माझी जीभ मिरचीनं मेलेली, मला तुमच्या तोंडातलं काय कळणार? तुमी बोलल्याबिगार मी आंधळी हाय."

"मग तर लई सोपं काम दिलंस," मुक्ताबाई म्हणाली. ओठ दुखत असतानाही ती हसली.

गोजाबाई कुंभारवाड्यात जाऊन दोन मातीची बोळकी आणि दोन वाडगी घेऊन आली, लाकडी पळी आणली, कपाटातली पाहुण्यांची चिनी मातीची कपबशी खाली काढली. मागच्या पडवीत वेगळी चूल मांडली. तिच्याजवळ मिरचीचं बोट फिरकू द्यायचं नाही, अशी शपथच घेतली. खाणावळीची फोडणी पडली की तो वास मुक्ताबाईला सोसायचा नाही, म्हणून फोडणी पहाटेच उरकायला लागली आणि तेव्हा मधलं दार लावून घ्यायला लागली.

आणि खोडी सुरू झाल्या. ताकातल्या कण्या केल्या, त्या झोंबल्या. "आंबट हाय." दुधात केल्या, तर कणी फोडाला टोचली. पुन्हा शिजवल्या, घोटल्या, गाळल्या. "आता गिळती." हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं आवडतं म्हणून केलं, लसूण न घालता, "मीठ लई." निम्मं घातलं. "तरीबी." मग घातलंच नाही, वर लोण्याचा गोळा सोडला, तेव्हा वाडगंभर गेलं. साबुदाण्याच्या खिरीला "गोडमिट्ट" असा शेरा मिळाला. साखर कमी करून वेलदोडा चोळला तर ती तांब्याची चव त्याखाली दबते, हे त्या दोघींना त्यातच सापडलं. मटणाचं पाणी मात्र तोंडाजवळ नेववेना, सगळ्यात जास्त तांबं त्यातच लागायचं. त्याऐवजी गोजाबाई अंडं दुधात फेटून मंद चुलीवर घट्ट होईस्तोवर शिजवायची आणि गार करून द्यायची. मूगडाळीचा गुरगुट्या भात तुपात कालवून, बोटाने चाचपून, एक शीत अख्खं राहू न देता. गार झालेल्या अन्नाचा वास कमी येतो आणि घासही सुखाने उतरतो, हेही मुक्ताबाईनेच सांगितलं.

एके दिवशी ती म्हणाली, "गोजे, शेंगाचटनी खावीशी वाटती. पर मरायचं न्हाय मला."

सोलापूरची बाई शेंगाचटणीशिवाय किती दिवस राहणार? गोजाबाईने शेंगदाणे हलके भाजले, साल पाखडून टाकली, भिजवले, पाट्यावर गंधासारखे वाटले, फडक्यातून गाळले आणि दुधाबरोबर मातीच्या बोळक्यात उकळून दाटसर केले. कोमट झाल्यावर बशीत ओतून दिले. मुक्ताबाईने घुटका घेतला. बराच वेळ तो तोंडात धरून ठेवला.

"काय हाय? बोला की!"

"काय न्हाय," मुक्ताबाई म्हणाली. "शेंगा लागत्यात. नुसत्या शेंगा."

तिने बशी पुढे केली. गोजाबाईने दुसऱ्यांदा भरली आणि मग चुलीकडे तोंड करून धुराच्या नावाखाली डोळे पुसले.

या गडबडीत एकदा दुपारी चुकून बिनतिखटाची आमटी पुढच्या पंगतीत गेली. गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, हिंदुराव वाटीत बघून म्हणाला, "बाई, आमी कवा आजारी पडलो?" गोजाबाई म्हणाली, "खा गपगुमान. माझ्या वन्संनी पास केलेली हाय." हिंदुरावाने मुकाट वाटी संपवली.

दोन आठवड्यांनी काटा साडेअडतीसवर थांबला. तोंडातले फोड वाळले होते, रक्ताचा कागदही बरा आला होता. डॉक्टरांनी सिरिंज हातात घेतली.

"आता परत फोड यायचे, व्हय?" मुक्ताबाईने विचारलं.

"येतील बहुतेक. पण डोस जरा कमी करतोय."

"येऊ द्यात. आता आमाला ठावं हाय," गोजाबाई म्हणाली. मुक्ताबाईने हात पुढे केला आणि सुई जाताना डोळेसुद्धा मिटले नाहीत.

बाहेरच्या बाकावर सांगोल्याकडचा सिदू धनगर बायकोला घेऊन बसला होता. बायको मायाक्का, तोंडावर पदर गच्च धरून. सिदू वैतागला होता. ज्याला त्याला सांगत होता, "शेळीचं दूध देतुया, भाकरी कुस्करून देतुया, कशालाबी वंगाळच म्हनती. माजलीया नुसती."

गोजाबाई थांबली. तिच्या जिभेवर सगळं तयार होतं, मातीचं बोळकं, चुळा, शेंगांचं दूध. पण मुक्ताबाई तिच्याआधी त्या बाकावर बसली. तिने मायाक्काचा पदर हळूच बाजूला केला, तिचे ओठ पाहिले आणि सगळं नीट, एकेक करून सांगितलं. दूध उकळूनच द्यायला बजावलं. मग सिदूकडे वळली.

"आनि ह्ये बघ दादा, ती नावं ठिवती म्हनून रागावू नगंस. नावं ठिवती तवर ती खायला बघती. गप झाली तर भिऊन ऱ्हा. मी गप झाले हुते, तवा ह्या माझ्या भैनीनं मला वडून काडली."

पंचवीस वर्षांत मुक्ताबाई तिला भैन म्हणाली नव्हती. तिथेच, सगळ्या रोग्यांच्या देखत, गोजाबाई ढसाढसा रडली. मुक्ताबाईने थोडा वेळ रडू दिलं आणि मग उठून तिचा दंड धरला. "चल गोजे. दोन तास हुत आले, मला भूक लागलीया."